घरातल्या सगळ्यांना वायफाय मिळतं, फक्त माझ्याच लॅपटॉपला मिळत नाही

मीनल_जुळे_सोलापूर

मंडळी, जरा डोकं लावा. आमच्याकडे फायबरचं कनेक्शन आहे, 100 एमबीपीएसचं. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या वर. मी जीएसटी आणि टीडीएसची कामं घरूनच करते, माझं टेबल आतल्या खोलीत. मध्ये एकच भिंत, तीही साडेचार इंची विटांची. त्याच टेबलावर माझा फोन झकास चालतो. सासूबाईंचा टॅब त्याही पलीकडे, स्वयंपाकघरात कीर्तनं लावून बसलेला असतो, तो एकदाही अडकत नाही. आणि माझ्या लॅपटॉपला मात्र एक काडी. रिटर्न भरताना पोर्टलनं आधीच रडवायचं आणि वर हा लॅपटॉप नेट सोडणार.

कंपनीचा माणूस येऊन गेला. त्यानं फोनवर स्पीड दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्याकडून ओके आहे." राउटर बंद-चालू, लॅपटॉप बंद-चालू, नेटवर्क विसरून पुन्हा पासवर्ड, सगळं झालं. नवा लॅपटॉप घ्यायची माझी अजिबात इच्छा नाही, हा चांगला चालतोय. फक्त दिवाळीनंतर बिजागरी तुटली होती, ती बसवून घेतली, बाकी काही तक्रार नाही. काय करू?

शेंगापोळी

सासूबाईंच्या कीर्तनाला सिग्नल मिळतो आणि जीएसटीला मिळत नाही. देवाघरी न्याय आहे म्हणायचा. 😄

अण्णा_सातरस्ता

ताई, तुमचा लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झवर अडकलेला असणार. 5 ची लहर भिंतीत मरते, 2.4 ची पार जाते. राउटरमध्ये दोन्हींची नावं वेगळी करा आणि लॅपटॉप 2.4 वर टाका. शिवाय ड्रायव्हर अपडेट करा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटची टिक काढा. वीज वाचवायच्या नादात विंडोज कार्डाला झोपवतं. आमच्या पतसंस्थेत या दोन उपायांनी सगळे संगणक सुधारले.

गड्डा_यात्री

सेम प्रॉब्लेम ओ! आमचं घर तीन मजली, राउटर खाली, वर गच्चीच्या खोलीत कुणालाच रेंज येत नाही. एक्स्टेंडर घ्यावा का मेश? कुणी सांगेल का?

शेंगापोळी

गड्डा मालक, त्यांच्या घरात सगळ्यांना येतंय, तुमच्यात कुणालाच येत नाही. सेम कुठनं झाला ओ?

मीनल_जुळे_सोलापूर

अण्णा, करून बघितलं. नावं वेगळी केली. 5 वालं नाव तर लॅपटॉपच्या यादीत दिसतच नाही, फोनला तिथेच दिसतं. 2.4 वर जोडलाय, पण एकच काडी. पॉवरची टिकही काढली. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून नवा टाकला. काही फरक नाही.

वायरमन

ताई, तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहिलंय, माझं लक्ष तिथेच गेलं. बिजागरी कुणी बसवली आणि वायफाय कधीपासून रुसलंय? दोन्हींचा काळ जुळवून बघा.

बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायफायची अँटेना खालच्या भागात नसते, ती स्क्रीनच्या कडेला झाकणात असते. तिथून दोन बारीक वायरी, साधारण शेवयांएवढ्या, बिजागरीच्या पोटातून खाली येतात आणि मदरबोर्डवरच्या वायफाय कार्डावर टिचकी बटणासारख्या बसतात. बिजागरी बदलायची म्हणजे झाकण सुटं करावं लागतं. झाकण सुटं करायचं म्हणजे या वायरी कार्डावरून उपटाव्याच लागतात. परत लावताना त्या नीट बसल्या नाहीत, की तुम्ही लिहिलंय तेच सगळं होतं.

उघडण्याआधी घरीच एक परीक्षा घ्या. कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका:

```
netsh wlan show interfaces
```

आधी टेबलावर बसून, मग लॅपटॉप राउटरच्या अगदी शेजारी, हातभर अंतरावर ठेवून. दोन्ही वेळचे `Signal` आणि `Receive rate` इथे द्या.

मीनल_जुळे_सोलापूर

बापरे, हे मी जुळवलंच नव्हतं. नोव्हेंबरात बिजागरी झाली. डिसेंबरात रिटर्नच्या वेळी पहिल्यांदा चिडचिड झाल्याचं आठवतंय. पण मध्ये आम्ही पंधरवडाभर गावाला होतो, त्यामुळे खात्रीनं नाही सांगता येत.

टेबलावर:

```
Radio type             : 802.11n
Channel                : 6
Receive rate (Mbps)    : 13
Transmit rate (Mbps)   : 6.5
Signal                 : 31%
```

राउटरच्या शेजारी `Signal` 78% आणि `Receive rate` 65. तिथे 5 वालं नावही यादीत दिसलं. म्हणजे जवळ चांगलं आहे ना? मग कार्ड ठीकच म्हणायचं?

वायरमन

नाही ताई, तो 78 चांगला वाटतो तिथेच फसगत होते. विंडोजचा टक्का म्हणजे सिग्नलची ताकद शंभरात बसवलेली असते. उणे 100 डीबीएम म्हणजे शून्य टक्के आणि उणे 50 किंवा त्याहून जोरदार काहीही असलं की 100 टक्के. टक्क्याचे निम्मे करा आणि त्यातून 100 वजा करा, की डीबीएम मिळतात. तुमचे 31 टक्के म्हणजे उणे 84 च्या आसपास, जवळजवळ काठावर. आणि 78 म्हणजे उणे 61. राउटरपासून हातभर अंतरावर धडधाकट लॅपटॉपला उणे 30 ते 40 मिळतात, म्हणजे पडद्यावर 100 टक्केच दिसायला हवेत. राउटरला चिकटूनही 100 येत नसेल, तर भिंतीचा दोष नाही, चॅनेलचा नाही, कंपनीचा तर नाहीच.

अण्णांचं म्हणणं एरवी चुकीचं नाही, 5 आधी गळतं हे खरंच. पण त्याच खुर्चीत बसून फोनला 5 मिळतंय. ड्रायव्हर बिघडला की नेट तुटतं, जोडणी होत नाही, झोपेतून उठल्यावर वायफाय गायब होतं. सिग्नलच सगळीकडे सारखा 25-30 डेसिबलनं खाली बसलाय, हे ड्रायव्हरचं लक्षण मी क्वचितच पाहिलंय.

अण्णा_सातरस्ता

आकडे बघून पटतंय. पण मग वायर निघालेली असताना 78 टक्के तरी कुठून येतात? सिग्नल शून्य हवा. आणि अँटेनाशिवाय ट्रान्समीटर चालवला तर जळतो, आम्ही वायरलेस सेटवर शिकलेलो. ताईंचं कार्डच गेलं असेल तर?

वायरमन

अण्णा, वायर लावायची कार्डावरची ती एवढीशी पितळी वाटीसुद्धा थोडं ऐकते आणि थोडं बोलते. म्हणूनच राउटरजवळ काम चालतं आणि माणूस फसतो. पूर्ण बंद पडलं असतं तर ताईंनी पहिल्याच दिवशी दुकान गाठलं असतं.

जळण्याचं म्हणाल तर मोठ्या वायरलेस सेटला ते लागू आहे. इथे ताकद एका वॉटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा कमीच. अशी कित्येक महिने वायरीविना चाललेली कार्डं माझ्या बाकावर आलीत, वायर बसवली की ठणठणीत. तरी कार्ड गेलं असण्याची शक्यता शून्य नाही. उघडल्याशिवाय वायर की कार्ड हे छातीठोक सांगता येणार नाही.

प्रज्ञा_अक्कलकोटरोड

माझंही लॅपटॉप उघडल्यानंतरच सुरू झालं! एसएसडी टाकून घेतली, तेव्हापासून ब्लूटूथ माउस अडखळतो. बाण इकडून तिकडे उड्या मारतो. वायफाय मात्र ठीक आहे. माझीही वायर सुटली असेल का?

पुण्यातला_सोलापूरकर

प्रज्ञा, शक्य आहे. दोन वायरींच्या कार्डात ब्लूटूथला वेगळी वायर नसते, ते दोघींपैकी एकीवर चालतं. ती सुटली तर वायफाय दुसरीवर भागवतं आणि ब्लूटूथ लंगडतं. पण आधी एक सांग, एसएसडी टाकल्यावर जुनी डिस्क बाहेरच्या डबीत घालून यूएसबीला लावून ठेवतेस का?

प्रज्ञा_अक्कलकोटरोड

हो की! निळ्या पोर्टात कायम लावलेली असते. तुम्हाला कसं कळलं?

पुण्यातला_सोलापूरकर

सगळे तेच करतात. यूएसबी 3 चा गोंगाट नेमका 2.4 च्या पट्ट्यात पडतो आणि ब्लूटूथही तिथेच राहतं. डबी काढून एक दिवस माउस वापरून बघ. सुधारला तर झाकणाला हात लावू नकोस.

मीनलताई, तुमच्यासाठी अजून एक न उघडता होणारी गोष्ट: कुणाकडून यूएसबीचा वायफाय डोंगल उसना घ्या आणि त्याच टेबलावर लावा. डोंगलला भरपूर सिग्नल मिळाला तर विंडोज, राउटर, भिंत सगळे सुटले. उरलं फक्त आतलं कार्ड आणि त्याच्या वायरी.

शेंगापोळी

आणि डोंगल परत द्यायचाच नाही. प्रॉब्लेम सुटला.

वायरमन

हसू नका, खरंच काही लोक तसंच चालवतात. ज्याला आत हात घालायचा नाही त्याच्यासाठी डोंगल हा वाईट पर्याय नाही.

मीनल_जुळे_सोलापूर

शेजारच्या मुलाचा डोंगल मिळाला. टेबलावर 92%, आणि 5 वालं नावही लगेच दिसलं. म्हणजे आत काहीतरी आहे हे नक्की. आता दुकानात जाऊ का घरी उघडू? भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याचे हात शिवशिवतायत. दुकानदार म्हणतात, "बिजागरीचा आणि वायफायचा काय संबंध ओ मॅडम, ठेवून जा, बघतो." आणि ठेवून जायला मला फुरसत नाही.

अण्णा_सातरस्ता

भाच्याच्या हाती देऊ नका. वॉरंटी जाईल.

पुण्यातला_सोलापूरकर

बाहेरच्या दुकानात बिजागरी झालीय अण्णा. वॉरंटी असती तर तिथेच गेली असती. तसंही नुसतं खालचं कव्हर उघडल्यानं वॉरंटी जाते का, हे कंपनीगणिक वेगळं असतं.

वायरमन

भाच्याला करू द्या, पण मी सांगतो तसंच. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. बऱ्याच मशीनमध्ये खालचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचा आकार काढून त्या त्या जागी स्क्रू टोचून ठेवायचे. लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला की वर कीबोर्डाला फोड येतो. खालचं कव्हर पेचकसानं उचकटायचं नाही, जुनं एटीएम कार्ड पुरतं. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढायचं, मग बाकीचं.

कार्ड साधारण अंगठ्याच्या पेराएवढं असतं, त्याला एकच स्क्रू आणि वर दोन पितळी ठिपके. एक वायर काळी, दुसरी बहुधा पांढरी किंवा करडी. आधी हात न लावता फोटो काढा. मला फोटोत तीन गोष्टी बघायच्यात: वायरीचं टोक ठिपक्यावर सपाट बसलंय का तिरकं, टोकाची कडा चेपलीय का, आणि ठिपक्याच्या मधली टाचणी सरळ उभी आहे का.

बसवताना टोक बरोबर मधोमध ठेवून नखानं सरळ खाली दाबायचं. बारीकशी 'टक' बोटाला जाणवते. जाणवली नाही तर बसलं नाही. जोर लावण्याआधी मध्य पुन्हा तपासा, कारण तिरकं दाबलं की टाचणी वाकते आणि मग कार्डच बदलावं लागतं. सारखं काढ-घाल करायचं नाही. ही टोकं वीस-तीस वेळा काढ-घाल सोसतील एवढ्याच हिशोबानं बनवलेली असतात, आणि दुकानात त्यातल्या काही आधीच होऊन गेल्या असतील.

मीनल_जुळे_सोलापूर

उघडलं! फोटो टाकलाय. पांढरी वायर कार्डाच्या शेजारी नुसती पडली होती. काळी वरून बसल्यासारखी दिसते, पण भाचा म्हणतो एका बाजूनं उचललेली आहे. कार्डावर एक भरीव आणि एक पोकळ त्रिकोण छापलाय. कुठली कुठे?

वायरमन

फोटो पाहिला. पांढरी तर मोकळीच आहे. काळीची डावी कडा ठिपक्याच्या बाहेर आहे, भाच्यानं बरोबर ओळखलं. शिवाय वायरी दाबून धरणारी काळी टेप किंवा स्पंज तिथे असायला हवा होता, तो गायब आहे. दुकानात परत लावला नसणार.

वायरींच्या टोकाशीही तसेच त्रिकोण असतील तर जोड्या जुळवा. खुणा नसतील तर काळी ज्या ठिपक्याजवळ आत्ता आहे तीच तिची जागा समजा. उलट्या लागल्या तरी या जुन्या दोन-वायरी कार्डांत आभाळ कोसळत नाही.

पुण्यातला_सोलापूरकर

शेवटच्या वाक्याशी असहमत. काही मॉडेलात दोन अँटेना वेगळ्या जागी असतात आणि ब्लूटूथ ठरावीक ठिपक्यावरच चालतं. उलट लावल्यावर ब्लूटूथची रेंज घटलेली मी स्वतः पाहिलीय.

वायरमन

मला नाही दिसली कधी. पण जुळवून लावा, त्यात काही जात नाही.

मीनल_जुळे_सोलापूर

झालं! पांढरीची 'टक' मलाही ऐकू आली. काळीला भाच्यानं बराच वेळ चाचपलं, शेवटी बसली म्हणतो. वर कापडी टेप लावली. टेबलावर आता:

```
Radio type             : 802.11ac
Channel                : 44
Receive rate (Mbps)    : 433.3
Transmit rate (Mbps)   : 433.3
Signal                 : 84%
```

स्पीड टेस्टला 96 येतायत! पोर्टलनं मात्र लॉगइनला रडवलंच, त्याला वायर नाही बहुतेक. वायरमनदादा, खूप आभार.

शेंगापोळी

भाच्याला पार्क चौकात नेऊन पोटभर भेळ चारा.

वायरमन

छान झालं. पण तो 433.3 मला खटकतोय. एवढ्या चांगल्या सिग्नलला दोन वायरींचं कार्ड 866.7 पर्यंत जायला हवं, निदान 433 च्या वर तरी. 433.3 ही एका वायरीची कमाल मर्यादा आहे. राउटरच्या जवळ नेल्यावर वाढतो का?

मीनल_जुळे_सोलापूर

नाही, तिथेही 433.3 च. Signal 100% झाला, पण आकडा हलत नाही.

अण्णा_सातरस्ता

राउटरच एका वायरीचा असेल. स्वस्तातल्या राउटरमध्ये असतं तसं.

पुण्यातला_सोलापूरकर

अण्णा, चांगला मुद्दा. ताई, फोन तिथे किती दाखवतो? वायफायच्या नावावर दाबलं की 'लिंक स्पीड' दिसतो.

आणि भाच्याकडे लिनक्सचा पेनड्राइव्ह असेलच. त्यावरून लॅपटॉप सुरू करून, वायफाय जोडून हे टाकायला सांगा. कार्डाचं नाव `iw dev` टाकल्यावर कळेल, ते मध्ये घालायचं:

```
iw dev wlp2s0 station dump | grep signal
```

इथे दोन्ही वायरींचा सिग्नल वेगवेगळा दिसतो.

मीनल_जुळे_सोलापूर

फोन 866 दाखवतो. भाच्यानं रात्री हे पाठवलं:

```
signal:  	-58 [-58, -83] dBm
signal avg:	-58 [-58, -82] dBm
```

गंमत म्हणजे झाकण पूर्ण मागे पाडलं की दुसरा आकडा -64 वर येतो. सरळ उभं केलं की परत -83.

वायरमन

म्हणजे राउटर सुटला. पहिली वायर उत्तम, दुसरी नावापुरती. झाकणाच्या कोनाबरोबर आकडा एवढा नाचतोय, तर माझा संशय कार्डाच्या टोकावर कमी आणि बिजागरीवर जास्त. नवी बिजागरी बसवताना काळी वायर तिच्या खोबणीतून न नेता पत्र्याखालून गेली असेल आणि चिमटली असेल. आतला तार तुटायच्या बेतात असला की असंच होतं. झाकण हललं की खालची वायरही ओढली जाते, म्हणून टोक नीट बसलं नसलं तरी हे दिसू शकतं, ते नाकारत नाही.

पुण्यातला_सोलापूरकर

मी टोकावर पैज लावतो. भाच्यानं "बराच वेळ चाचपलं" हे वाक्य विसरू नका.

वायरमन

लावा पैज. चाचणी सोपी आहे. झाकण अजिबात न हलवता, लॅपटॉप उताणा करून खालचं कव्हर काढून चालू करायचा आणि काळी वायर कार्डापाशी लाकडी काडीनं हळूच हलवायची. आकडा तिथे उडाला तर टोक, नाही तर बिजागरी. पण चालू मशीनमध्ये काडी घालायचं काम भाच्यानं करू नये, एखाद्या बाकावरच्या माणसाकडून करून घ्या.

अण्णा_सातरस्ता

पण ताईंना हे हवंय कशाला? प्लॅन 100 चा आहे, 433 मध्ये तो चौपट मावतो. आता परत झाकण सुटं करून पांढरीही तुटली तर?

वायरमन

अण्णांशी सहमत. बिजागरीतली वायर बदलायची म्हणजे स्क्रीनची चौकट काढावी लागते, आणि ती काढताना चीर जायची भीती असते. काम चालतंय तोवर हात लावू नका. ब्लूटूथ त्रास देऊ लागलं, किंवा सिग्नल परत तीसवर आला, तर मात्र उघडावंच लागेल.

मीनल_जुळे_सोलापूर

मी हात लावणार नाही. भाचा रुसलाय. दुकानदारांना फोटो दाखवला, ते म्हणाले "टेप आमच्याकडून राहिली असंल", आणि वायर बघायला फुकट करतो म्हणाले. मार्चची गर्दी संपली की त्यांच्यासमोर बसून काडीची चाचणी करून घेईन.

प्रज्ञा_अक्कलकोटरोड

माझा निकाल: डिस्कची डबी काढली, माउस सरळ झाला. डबी आता लांब वायरीनं दुसऱ्या बाजूच्या पोर्टाला लावलीय. अधूनमधून एखादी उडी अजून मारतो, पण चालवून घेते.

गड्डा_यात्री

सगळ्यांचं झालं. माझ्या एक्स्टेंडरचं काय?

वायरमन

गच्चीच्या खोलीपर्यंत लॅनची वायर नेता येते का ते आधी सांगा. येत असेल तर वर जुना राउटर ॲक्सेस पॉइंट करून लावा, एक्स्टेंडरवर पैसे घालू नका. आणि वेगळा धागा काढा ओ मालक.